सर्पदंशावरचा पेपर: जर्नलला पाठवण्याआधी प्रीप्रिंट टाकावं का?

रानवारा

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे पावसाळा लागला की फुरसं चावलेली माणसं रोज येतात. गेल्या काही वर्षांचे केसपेपर काढून आम्ही चौघांनी एक अभ्यास लिहिलाय. दोनशेच्या वर रुग्ण आहेत. काहींना एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल दिल्या गेल्या, काहींना पुरवठा कमी असताना पाच-सहाच मिळाल्या. कमी व्हायल मिळालेले रुग्ण आमच्या आकड्यांत तरी वाईट गेलेले दिसत नाहीत. हे लवकर लोकांपुढे यावं असं मला मनापासून वाटतं, कारण जूनमध्ये व्हायल संपल्या की काय होतं ते मी रात्री दोन वाजता बघितलंय.

जर्नलचा निकाल यायला सहा महिने, कधी वर्ष लागतं. म्हणून मेडआर्काइव्ह या वेबसाइटवर प्रीप्रिंट टाकायचा विचार आहे. पण आमचे सर म्हणतात, "एकदा नेटवर टाकलंस की कुठलंच जर्नल घेणार नाही." हे खरं आहे का? ज्यांनी स्वतः टाकलंय त्यांनी सांगा.

जुना_मास्तर

तुमचे सर बरोबर बोलतायत. मी मेडिकल कॉलेजात बत्तीस वर्षं शिकवलं. आधी प्रसिद्ध झालेलं काम जर्नल घेत नाही, हा नियमच आहे. न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक इंगेलफिंगर यांनी 1969 साली तो घालून दिला आणि बाकीच्यांनी उचलला. टाकू नका.

आकडेमोड

मास्तर, नियम होता हे खरं, पण आज तो तसा राहिलेला नाही. मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आहे, वर्षाला दहा-बारा पेपरांवर माझं नाव असतं, त्यातले निम्मे आधी प्रीप्रिंट म्हणून गेलेले असतात.

मेडआर्काइव्ह जून 2019 मध्ये सुरू झालं. कोल्ड स्प्रिंग हार्बर, येल आणि बीएमजे यांनी मिळून केलं, म्हणजे सुरू करणाऱ्यांत एक जर्नलवालाच होता. लॅन्सेटने तर त्याआधी वर्षभर, 2018 पासून, स्वतःच्या नावाने प्रीप्रिंटची सोय ठेवली आहे. कोविडमध्ये न्यू इंग्लंड जर्नलनेही प्रीप्रिंट झालेले पेपर छापले. जामा मात्र वेगळं वागतं. त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचनांत लिहिलंय की प्रीप्रिंट असेल तर आम्ही बघू, छापल्याने वाचकाला नवीन काही मिळतंय की तेच पुन्हा होतंय. म्हणजे नकार ठरलेला नाही, पण होकारही गृहीत धरायचा नाही.

तेव्हा "सगळी जर्नल्स" असा प्रश्नच विचारू नका, रानवारा. कागदावर तीन नावं लिहा. पहिलं पाठवायचं ते, तिथे परत आलं तर दुसरं, मग तिसरं. तिन्हींच्या सूचना उघडून प्रीप्रिंटबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तिसऱ्या नावाचं धोरण सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेकांचा पेपर शेवटी तिथेच लागतो आणि तिथलंच कोणी आधी वाचत नाही.

मीठभाकरी

प्रीप्रिंट म्हणजे छपाईआधी प्रूफ तपासायला येतं तेच ना? ते तर मलाही आलं होतं, 48 तासांत परत करा म्हणून. ते नेटवर टाकलं तर चालतं?

पूर्वा_लीड्स

नाही हो मीठभाकरी, ते वेगळं. प्रूफ येतं तेव्हा पेपर स्वीकारला गेलेला असतो. प्रीप्रिंट म्हणजे कुणीही परीक्षण करण्याआधी आपणच सर्वांसाठी ठेवलेलं हस्तलिखित. जर्नलने स्वीकारल्यानंतर मेडआर्काइव्ह पेपर घेतच नाही, आणि प्रूफ तर मुळीच टाकू नका, ती मांडणी जर्नलची असते.

रानवाराताई (ताईच ना?), लवकर लोकांपुढे यावं म्हणताय त्याला एक चांगलं उदाहरण आहे. इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनचा फायदा दिसला. 16 जून 2020 ला त्यांनी जाहीर केलं, 22 जूनला प्रीप्रिंट आलं, आणि न्यू इंग्लंड जर्नलमध्ये 17 जुलैला छापून आलं. मधले तीन-साडेतीन आठवडे डॉक्टरांच्या हातात वाचायला पूर्ण आकडे होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर आले होते. अशा वेळी थांबणं चूक ठरलं असतं.

बातमीदार

पूर्वाताई, नाण्याची दुसरी बाजू मी सांगतो. मी एका मराठी दैनिकात आरोग्याच्या बातम्या करतो. 31 जानेवारी 2020 ला दिल्लीतल्या संशोधकांचं एक प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर आलं होतं, कोरोनाच्या काट्यांत एचआयव्हीसारखे तुकडे आहेत म्हणून. 2 फेब्रुवारीला त्यांनी ते मागे घेतलं. दोन दिवस! पण तोवर "विषाणू बनवलेला आहे" ही अफवा सगळीकडे पोचली होती आणि पुढे कित्येक महिने लोक मला तोच पेपर पाठवत होते. मागे घेतल्याची सूचना कोणीच पाठवली नाही.

आता रानवारांच्या पेपरची बातमी आमच्या डेस्कवर कशी होईल ते मला आत्ताच दिसतंय: "निम्म्या व्हायलमध्ये सर्पदंश बरा". प्रीप्रिंटवर परीक्षण झालेलं नाही असं लिहिलेलं असतं, पण ती सूचना मथळ्यात येत नाही.

जुना_मास्तर

हेच मी म्हणतोय.

आकडेमोड

बातमीदारांचा मुद्दा इथे फार नेमका लागतो. रानवारा, सगळ्या प्रीप्रिंटना एकच उत्तर नसतं. डेंग्यूचे रुग्ण कुठल्या वॉर्डात जास्त हे लवकर टाकलं आणि थोडं चुकलं तर फारसं कुणाचं बिघडत नाही. पण "कमी डोस पुरतो" हे वाचून उद्या कोणी खरंच कमी डोस देईल. मेडआर्काइव्हचे तपासणारे गुणवत्ता ठरवत नाहीत, पण लोकांना अपाय होईल असं वाटलं तर पेपर नाकारतात, किंवा आधी परीक्षण होऊ द्या म्हणतात.

म्हणून मी तुम्हाला आधी पेपरबद्दलच विचारतो. पाच-सहा व्हायल कुणाला मिळाल्या? तुम्ही लिहिलंय पुरवठा कमी होता म्हणून. पण प्रत्येकाच्या बाबतीत तसंच होतं का? की ज्याचं रक्त व्यवस्थित गोठत होतं, सूज घोट्यापर्यंतच होती, त्याला डॉक्टरांनी पाचवरच थांबवलं? तसं असेल तर कमी व्हायलवाले बरे झाले कारण ते मुळात कमी आजारी होते. मग तुमचा निष्कर्ष उलटा होईल.

रानवारा

(हो, ताईच.)

आकडेमोड सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री रजिस्टर पुन्हा काढलं. आमच्याकडे आल्याआल्या वीस मिनिटांची चाचणी करतात. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन टेबलावर तसंच ठेवायचं, हलवायचं नाही, वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात आहे. सिस्टर रजिस्टरमध्ये "गोठलं" किंवा "नाही" एवढंच लिहितात. ही नोंद आम्ही विश्लेषणात घेतलीच नव्हती! आम्ही फक्त व्हायल आणि शेवट काय झाला एवढंच मांडलं होतं.

आता मोजायला बसलेय. काही पानांवर चाचणीचा रकाना रिकामा आहे, त्यांचं काय करायचं तेही सांगा.

आकडेमोड

रिकामे वेगळे मोजा आणि पेपरात तसं लिहा, मनाने भरू नका. आल्यावर ज्यांचं रक्त गोठलं नव्हतं फक्त त्यांचीच तुलना करा. चावल्यापासून किती तासांनी आले तेही धरा, कारण उशिरा आलेल्यांची मूत्रपिंडं जास्त बिघडलेली असतात. आणि सुरुवातीचा डोस व एकूण डोस वेगळे ठेवा. सरकारी सूचनेत सुरुवातीलाच 8 ते 10 व्हायल आहेत, नंतर नळी पुन्हा बघून पुढचं ठरतं. तुमच्याकडे सहा मिळालेला रुग्ण पुढे जिल्हा रुग्णालयात जाऊन आणखी दहा घेऊन बरा झाला असेल, तर तो "सहात बरा" नव्हे.

हे सगळं टाकण्याआधी. कारण मेडआर्काइव्हवर एकदा चढलं की ते निघत नाही. सुधारलेली दुसरी आवृत्ती टाकता येते, मागे घेतल्याची सूचना लावता येते, पण पहिली आवृत्ती तिथेच राहते आणि कुणालाही उघडता येते.

लाल_मुंगी

माझा अनुभव थोडा कडू आहे. एका जर्नलला पेपर पाठवताना फॉर्ममध्ये मध्येच एक चौकोन होता, परीक्षण चालू असताना पेपर सर्वांना दिसू द्यायचा का, असा. मी शेवटच्या दिवशी रात्री घाईघाईत सगळ्याला हो करत गेले. दोन आठवड्यांनी गाइडचा फोन, "आपला पेपर गूगलवर कसा?" तिथून पुढे जर्नलने नाकारला. प्रीप्रिंट मात्र राहिलं, आणि कुठल्या जर्नलकडे परीक्षणाला होता तेही त्यावर दिसत होतं. पुढच्या जर्नलचं परीक्षण दोन्ही बाजूंनी गुप्त होतं, लेखकाचं नाव न टाकता फाइल द्यायची. मी नाव काढून दिली, पण शीर्षक तेच. संपादकांनी लिहिलं की शीर्षक शोधल्यावर तुमचं नाव पहिलंच येतं, त्यामुळे आम्ही हे पुढे नेऊ शकत नाही.

म्हणून तिन्ही जर्नल्सच्या सूचनांत हेही बघा की परीक्षण एका बाजूने गुप्त आहे की दोन्ही. आपल्याकडच्या बऱ्याच जर्नल्सना लेखकांच्या नावांचं पहिलं पान वेगळ्या फाइलमध्ये लागतं, तीच खूण.

पूर्वा_लीड्स

लाल_मुंगी, वाईट झालं. पण गुप्त परीक्षण घेणारी काही जर्नल्स प्रीप्रिंट चालवून घेतात, परीक्षकाला फक्त "शोधू नका" सांगतात. संपादकांना आधी मेल करून विचारलं तर दोन ओळींत उत्तर मिळतं, मी दोनदा विचारलंय. ते उत्तर जपून ठेवायचं.

आणि पाठवताना कव्हरिंग लेटरमध्ये प्रीप्रिंट आहे हे सांगायचं, लिंकसकट. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिची शिफारसच तशी आहे. न सांगता पाठवलं आणि त्यांच्या साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने नव्वद टक्के जुळणी दाखवली की स्वतःचीच चोरी केल्यासारखं दिसतं.

मीठभाकरी

माझ्याकडे एकच रुग्ण आहे पण फार वेगळा. मण्यार चावलेली बाई, खूणच दिसत नव्हती, पोटात दुखतंय म्हणून सर्जरीत भरती केली होती. हेही टाकू का तिथे?

पूर्वा_लीड्स

एका रुग्णाची हकीकत मेडआर्काइव्ह घेत नाही. नुसती मतं आणि साधे आढावा लेखही घेत नाहीत. पण तुमची केस लिहाच, मण्यारीत हे घडतं आणि सर्जरीवाल्यांना ते ठाऊक हवं. त्यासाठी केस रिपोर्ट घेणारं जर्नल शोधा आणि त्या बाईंची लेखी संमती आत्ताच घ्या, नंतर पत्ता सापडत नाही.

चिंचपोकळी_डॉक

मी एमडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधातून काढलेला पेपर प्रीप्रिंट टाकला तर विद्यापीठाला चालतं का? आणि प्रमोशनला धरतात का?

जुना_मास्तर

प्रमोशनला नाही धरत. तिथे ठरलेल्या सूच्यांत असलेलं जर्नल लागतं, प्रीप्रिंट म्हणजे जर्नल नव्हे. प्रबंधाचं तुमच्या गाइडना आणि कॉलेजच्या संशोधन विभागाला विचारा, आणि गाइडची परवानगी लेखी घ्या. मेडआर्काइव्हवर टाकताना सगळ्या लेखकांची संमती आहे असं लिहून द्यावं लागतं. गाइडला न विचारता टाकलंत तर पेपर राहील बाजूला आणि तुमचं तिसरं वर्ष अवघड होईल.

आकडेमोड, तुम्ही म्हणता ते मी परवापासून तपासून बघतोय. ज्या तीन जर्नल्सचा मी परीक्षक आहे त्यांतल्या दोघांच्या सूचनांत प्रीप्रिंट चालतं असं सरळ लिहिलंय. मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्यात काहीच लिहिलेलं नाही. माझं मत तरीही तेच, की उपचार बदलणारा पेपर परीक्षणाआधी बाहेर जाऊ नये. पण "कुठलंच जर्नल घेणार नाही" हे मी मागे घेतो.

पूर्वा_लीड्स

मास्तर, परीक्षण झालं म्हणजे सुरक्षित झालं असंही नाही ना. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा सर्जिस्फिअर कंपनीच्या आकड्यांचा पेपर लॅन्सेटमध्ये परीक्षण होऊनच 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घ्यावा लागला. उलट आयव्हरमेक्टिनचं एक इजिप्तचं प्रीप्रिंट लोकांना आकडे बघायला मिळाले म्हणूनच उघडं पडलं.

बातमीदार

उघडं पडलं जुलै 2021 मध्ये. टाकलं होतं नोव्हेंबर 2020 मध्ये. मधल्या आठ महिन्यांत आमच्या गावात मेडिकलवाला आयव्हरमेक्टिन विचारल्याशिवाय देत होता.

पूर्वा_लीड्स

हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रानवारा

चार दिवसांनी लिहितेय, ड्यूटी होती.

मोजलं. आल्यावर ज्यांचं रक्त गोठलं नव्हतं तेवढेच घेतले तर कमी व्हायलवाले खूप थोडे उरतात, आणि त्यातल्या काहींना जिल्ह्याला पाठवलं होतं. तिथे किती दिल्या ते आमच्या केसपेपरवर नाहीच. सर, तुमची शंका बरोबर निघाली. "कमी डोस पुरतो" असं आमच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. जे म्हणता येतं ते असं: कुठल्या महिन्यांत व्हायल संपतात, तेव्हा किती जणांना पुढे पाठवावं लागतं आणि पोचायला किती तास जातात. ही माहिती आमच्याकडे नीट आहे. शीर्षक बदललं, सारांशातलं डोसचं वाक्य काढलं.

दुसरं एक झालं. एक परिशिष्ट होतं, प्रत्येक रुग्णाचं वय, लिंग, गाव, चावल्याची तारीख. नावं नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आमच्या सिस्टरने नुसती एक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "ही अमक्याची सून, भात लावताना चावलं होतं." चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत त्या वयाची, त्या तारखेला चावलेली दुसरी बाई नाही. काढून टाकलं. आता वयाचे गट, तालुका आणि महिना एवढंच ठेवलंय.

आकडेमोड

सिस्टरना माझा नमस्कार सांगा. असं परिशिष्ट मेडआर्काइव्हनेही परत पाठवलं असतं, पण त्यांना वाडी माहीत नसते, त्यामुळे भरवसा आपलाच.

आता हा पेपर प्रीप्रिंटला माझ्या मते योग्य आहे. पुरवठ्याबद्दल आहे, कुणाचा डोस बदलणार नाही, आणि पावसाळ्याआधी बाहेर आला तर औषध खरेदी करणाऱ्यांच्या कामाचा आहे. टाकताना एथिक्स कमिटीचं पूर्ण नाव आणि निर्णय विचारतात. जुने केसपेपर वापरलेत म्हणजे संमतीतून सूट दिल्याचं कमिटीचं पत्र असेल, ते समोर ठेवा. पैसे कुणी दिले, हितसंबंध काय, आकडे कुणाला मिळतील, हेही. पैसे लागत नाहीत. तपासायला चार-पाच दिवस लागतात, काही विचारलं तर जास्त.

परवान्याशी नीट थांबा. सगळ्यात मोकळा परवाना दिला की कुणीही व्यापारासाठीसुद्धा वापरू शकतो, आणि तो मागे घेता येत नाही. काही जर्नल्स हक्क स्वतःकडे मागतात, त्यांना हे अडतं. पक्कं ठरेपर्यंत घट्ट परवाना निवडा.

लाल_मुंगी

आणि परीक्षकांच्या सूचनांनी सुधारलेला पेपर पुन्हा तिथे चढवायचा का? माझा यात कायम गोंधळ होतो.

आकडेमोड

पूर्वा ज्या समितीबद्दल बोलल्या तिची शिफारस आहे की नाही. जर्नलच्या परीक्षणातून सुधारलेली मधली आवृत्ती प्रीप्रिंटवर टाकू नये, छापलेलाही टाकू नये, छापल्यावर फक्त लिंक जोडावी.

पूर्वा_लीड्स

आमच्या विभागात सर्रास दुसरी आवृत्ती टाकतात, आणि सर्व्हर ती घेतो. चूक कळल्यावर चुकीची आवृत्तीच वर ठेवणं मला पटत नाही. ज्या जर्नलला पाठवलंय त्याला विचारावं एवढंच म्हणेन.

जुना_मास्तर

रानवाराताई, एक विचारू? आमच्या पिढीत महाडचे डॉ. बावस्कर विंचूदंशावरचं प्राझोसिनचं काम थेट लॅन्सेटला पाठवत होते, 1986 मध्ये छापूनही आलं. तुम्ही थेट चांगल्या जर्नलला का पाठवत नाही? कोकणातल्या कामाला तिथे जागा मिळाली आहे.

रानवारा

सर, पाठवणारच आहे. त्याच आठवड्यात दोन्ही. तीन नावं लिहिली, दोघांच्या सूचनांत चालतं असं आहे. तिसरं दोन्ही बाजूंनी गुप्त परीक्षणाचं, त्यांना मेल केलाय, उत्तर आलेलं नाही.

चौघांपैकी तिघांची लेखी संमती आली. आमचे सर अजून तयार नाहीत. त्यांना जर्नलची भीती आता नाही, हा धागा मी त्यांना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं आहे की रुग्णालयात औषध संपतं हे परीक्षणाआधी छापून आलं तर वरून विचारणा होईल, आणि तेव्हा "जर्नलने तपासलंय" असं म्हणायला आपल्याकडे काही नसेल. यावर मला काय म्हणावं कळत नाही. त्यांच्या सहीशिवाय टाकणार नाही.

बातमीदार

त्यांचं चुकत नाही. विचारणा होईलच. पण वरच्यांनी विचारलं तर रजिस्टर तुमच्याकडे आहे, महिन्यासकट. सरांना सांगा, बातमी मी केली तर रुग्णालयाचं नाव येणार नाही, आणि सारांश आधी तुम्हाला दाखवीन.

रानवारा

सांगते. सोमवारी ते ओपीडीला आहेत.